दोन दिवसांचा आरएसआय आणि २०० दिवसांच्या सरासरीवरचा निफ्टी

प्रश्न: निफ्टी २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असताना आरएसआय २ दहाच्या खाली गेला की घ्यायचं आणि ५ दिवसांच्या सरासरीवर बंद झाला की विकायचं, अशी पद्धत वाचली. नेहमीचा १४ का नाही चालत? स्टॉपलॉस का सांगत नाहीत? आणि फेब्रुवारी २०२० सारखी पडझड आली तर यात काय होतं?

उत्तर:

तिसऱ्या प्रश्नात पहिल्या दोघांची उत्तरं दडलेली आहेत, म्हणून फेब्रुवारी २०२० चेच आकडे घेऊन बसू. त्याआधी हा आरएसआय नेमकं काय मोजतो ते थोडक्यात.

वाइल्डर यांनी १९७८ साली आरएसआय मांडला तेव्हा मुदत १४ दिवसांची होती. हिशोब साधा आहे. रोजच्या वाढीची एक सरासरी, रोजच्या घटीची दुसरी, आणि एकूण हालचालीत वाढीचा वाटा किती टक्के, तो आकडा म्हणजे आरएसआय. सरासरी काढताना कालच्या सरासरीत आजची हालचाल मिसळतात. १४ च्या मुदतीत आजच्या दिवसाचं वजन चौदावा हिस्सा असतं. मुदत २ केली की तेच वजन अर्धा हिस्सा होतं. आज अर्धं, काल पाव, परवा एक अष्टमांश. आठवड्यापूर्वी काय झालं ते या आकड्याला जवळजवळ आठवतच नाही.

म्हणून दोन्ही आकड्यांचं काम वेगळं आहे. निफ्टी २०० दिवसांच्या सरासरीच्या चांगला वर असतो तेव्हा आरएसआय १४ तीसच्या खाली क्वचितच येतो. येतो तेव्हा घसरण इतकी लांबलेली असते की किंमत बहुतेक वेळा त्या सरासरीला टेकलेली किंवा तिच्या खाली गेलेली असते. थोडक्यात, तुमच्या दोन अटी एकमेकींना भेटतच नाहीत. आरएसआय २ मात्र तेजीतल्या तीन-चार दिवसांच्या सुस्तीतही दहाच्या खाली येतो. लॅरी कॉनर्स यांनी ही पद्धत अमेरिकन बाजारात लोकप्रिय केली, ती याच कारणाने: चढत्या बाजारातला छोटा खड्डा पकडायला लांब मुदतीचं मोजमाप उपयोगाचं नाही.

आता आकडे. १२ फेब्रुवारी २०२० ला निफ्टी १२,२०१ वर बंद झाला. नंतरचे चार दिवस रोज थोडा थोडा खाली: २७, ६१, ६८ आणि ५३ अंक. १७ तारखेच्या शेवटी वाढीची सरासरी साधारण ९ आणि घटीची ५४ होती, म्हणजे आरएसआय २ सुमारे १४. अजून खरेदी नाही. १८ ला ५३ अंकांची घट आली. वाढीची सरासरी निम्मी होऊन साडेचार झाली, घटीची ५४ च्या आसपासच राहिली. साडेचार भागिले साधारण ५८, म्हणजे आरएसआय ८. दोनशे दिवसांची सरासरी ११,७०० च्या जरा खाली, भाव ११,९९२. दोन्ही अटी पुऱ्या, ११,९९२ ला खरेदी.

१९ ला निफ्टी १३३ अंक वर, १२,१२६. शेवटच्या पाच बंद भावांची सरासरी १२,०९० येते, म्हणजे विक्री. एका दिवसात १.१ टक्के. ही पद्धत नीट चालते तेव्हा अशीच दिसते: खरेदी कंटाळवाण्या घसरणीत, विक्री पहिल्या बऱ्या दिवशी, आणि लोक "तेजी परत आली" म्हणेपर्यंत तुम्ही बाहेर.

पुढचा सौदा लगेच आला. २४ तारखेला इटली आणि कोरियातल्या कोरोना रुग्णांच्या बातम्यांवर निफ्टी २५१ अंक पडून ११,८२९ वर आला. आरएसआय २ जवळपास ११. दहाची अट काटेकोर पाळणारा त्या दिवशी थांबला. २५ ला आणखी ३१ अंक गेले, आरएसआय ९ झाला आणि ११,७९८ ला खरेदी झाली. भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या जेमतेम एक टक्का वर होता.

मग २६ ला ११,६७८, २७ ला ११,६३३, आणि २८ ला एकाच दिवसात ४३२ अंक जाऊन ११,२०२. आरएसआय २ एकच्याही खाली. "इतका ओव्हरसोल्ड की आता उसळी येणारच" असं वाटायला लावणारा आकडा. २ मार्चला ११,१३३. ३ ला १७१ अंकांची उसळी आली, पण ५ दिवसांची सरासरी अजून ११,३९० वर होती, म्हणून विक्री नाही. ४ ला पुन्हा थोडं खाली. ५ मार्चला निफ्टी फक्त १८ अंक वाढून ११,२६९ वर बंद झाला आणि विक्रीची अट पुरी झाली, कारण एव्हाना ५ दिवसांची सरासरीच घसरून ११,२३२ वर आली होती. तोटा ५२९ अंक, साडेचार टक्के. आधीच्या सौद्यासारखे चार सौदे जिंकले तर हा एक भरून निघतो.

इथे जरा थांबण्यासारखं आहे. विक्रीची ही अट नफा मोजत नाही, उसळी किती मोठी तेही मोजत नाही. घसरण थांबली की सरासरी स्वतःच खाली येऊन भावाला भेटते आणि तुम्हाला तोट्यात का होईना बाहेर काढते. काहीजण त्याऐवजी "आरएसआय २ सत्तरच्या वर गेला की विक्री" असा नियम लावतात. शांत तेजीत दोन्ही नियम जवळपास एकाच दिवशी लागू होतात, त्यामुळे फरक कळत नाही. पण २५ फेब्रुवारीच्या खरेदीवर तो दुसरा नियम लावून बघा. ५ मार्चला आरएसआय होता ४८. १३ मार्चच्या प्रचंड उलटफेरीनंतर ४१. २० मार्चला ६१. सत्तर ओलांडली ती थेट २६ मार्चला, निफ्टी ८,६४१ वर असताना. तोटा जवळपास २७ टक्के. खरेदी तीच, दिवस तोच, फक्त बाहेर पडायची अट वेगळी. म्हणून कुणी आरएसआय २ ची पद्धत सांगितली की मी खरेदीचा आकडा ५ की १० हे नंतर विचारतो, आधी विक्रीचा नियम विचारतो.

आता २०० दिवसांची सरासरी काय करते ते. ती पहिला फटका वाचवत नाही, हे वर दिसलंच. संथ रेषा आहे, मोठी पडझड सुरू होते तेव्हा भाव बहुधा तिच्या वरच असतो. ती वाचवते दुसऱ्या आणि तिसऱ्या फटक्यातून. ६ मार्चला निफ्टी २८० अंक पडून १०,९८९ वर बंद झाला आणि आरएसआय २ पुन्हा ९ वर आला. सरासरीची अट नसलेल्याने तिथे पुन्हा खरेदी केली असती. ५ दिवसांच्या सरासरीवर त्याची सुटका झाली २० मार्चला, ८,७४५ ला, म्हणजे एका सौद्यात २० टक्क्यांचा तोटा. अट पाळणाऱ्याने त्या महिन्यात नवी खरेदी केलीच नाही. २३ मार्चला निफ्टी ७,६१० वर बंद झाला तेव्हा तो साडेचार टक्क्यांच्या जखमेवर बसून होता, एवढंच.

२५ फेब्रुवारीची खरेदी रेषेच्या अगदी जवळ झाली होती, हेही लक्षात असू द्या. रेषेच्या सहा-सात टक्के वर आलेली घसरण आणि रेषेला टेकलेली घसरण, दोन्ही नियमात बसतात, पण दुसऱ्या वेळी बाजार कुठल्या बाजूला जाणार हे ठरायचंच असतं. तिथे मी निम्मीच रक्कम लावतो. हा माझ्या पसंतीचा भाग आहे, पद्धतीचा नाही. कुणी रेषा वीस दिवसांपूर्वीपेक्षा वर असावी अशी जोड अट लावतात, तीही चालते. पण अशा अटी एकावर एक रचत गेलात तर शेवटी फक्त जुन्या तक्त्यावर सुंदर दिसणारी पद्धत उरते.

स्टॉपलॉसचं असं आहे. भाव खाली गेला म्हणून घेणारी ही पद्धत आहे. तो आणखी खाली गेला तर तिच्या हिशोबाने संधी आणखी चांगली होते. स्टॉपलॉस नेमक्या त्याच जागी विकायला लावतो. दोन टक्क्यांवर स्टॉप ठेवला तर पुढच्या दोन दिवसांत ५ दिवसांच्या सरासरीवर परतणारे कित्येक सौदे तोट्यात कापले जातात आणि एकूण कमाई घटते. बॅकटेस्ट केलीत तर हे बहुधा पहिल्याच फेरीत दिसेल. शिवाय निर्देशांकात खरा धोका रात्रीत येतो. ११,७९८ च्या खरेदीवर तीन टक्क्यांचा स्टॉप म्हणजे ११,४४४. २८ फेब्रुवारीला बाजार त्याच्या खालीच उघडला. स्टॉप लागला असता, पण तुम्ही लिहिलेल्या भावाला नाही. त्या एका सौद्यात तोटा थोडा कमी झाला असता, हे खरं. तो फायदा बाकी सगळ्या सौद्यांत मोजलेल्या किमतीला परवडतो का, एवढाच प्रश्न आहे.

स्टॉप नसेल तर धोका रकमेच्या आकारातच बांधावा लागतो. समजा भांडवल १० लाख आहे आणि एका वाईट सौद्यात त्याच्या एक टक्क्यापेक्षा, म्हणजे १०,००० रुपयांपेक्षा जास्त जाऊ नये असं ठरवलंत. वाईट सौदा साडेचार टक्क्यांचा होऊन गेला आहे, तेव्हा पुढचा आठ टक्क्यांचा धरू. मग सौदा सव्वा लाखाचा. निफ्टीच्या ईटीएफमध्ये हे सहज जमतं. फ्युचरमध्ये जमत नाही, कारण सेबीने २०२४ च्या शेवटी निर्देशांकाच्या नव्या करारांचं किमान मूल्य १५ लाखांवर नेलं. १० लाखांच्या भांडवलावर एक लॉट घेतला तर साडेचार टक्क्यांची घसरण म्हणजे साडेसदुसष्ट हजार रुपये गेले. मार्जिन कमी लागतं म्हणून लॉट घेता येतो, पण परवडतो असं नाही. या पद्धतीत बरबाद होणारे लोक मी पाहिलेत ते आरएसआयने नाही, लॉटने बुडाले. दहा-पंधरा सौदे सलग जिंकल्यावर दुसरा लॉट जोडायचा मोह होतो, आणि साडेचार टक्क्यांवाला सौदा नेमका त्यानंतर येतो.

आता या आकड्याची एक मर्यादा, जी लोकांच्या फारशी लक्षात येत नाही. आरएसआय २ घसरण किती टक्के झाली ते बघतच नाही. अलीकडच्या हालचालीत वाढीचा वाटा किती, एवढंच बघतो. ४ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दिवस. निफ्टी २३,२६४ वरून २१,८८४ वर, एका दिवसात जवळपास सहा टक्के खाली, तरीही २०० दिवसांच्या सरासरीच्या वर. आरएसआय २ किती असेल? दोन-तीन वाटेल. तो होता २१ च्या आसपास. कारण आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या आनंदात ७३३ अंकांची वाढ झाली होती आणि तिचं पाव वजन अजून हिशोबात होतं. खरेदी लागू झालीच नाही. दुसऱ्या दिवशी निफ्टी ७३६ अंक वर, २२,६२०, तीन टक्क्यांहून जास्त.

याच्या उलटही होतं. दिवाळीच्या सुमारास बाजार निवांत असताना रोज दहा-पंधरा अंकांच्या तीन-चार घटी लागोपाठ झाल्या की आरएसआय २ दहाच्या खाली येऊ शकतो. एकूण घसरण पाव टक्काही नसते. तिथे उसळी आली तरी दलाली आणि भावातल्या फरकात जाते. म्हणून मी आरएसआयच्या शेजारी एक साधी गोष्ट बघतो: भाव ५ दिवसांच्या सरासरीच्या किती टक्के खाली आहे. अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असेल तर तो सौदा सोडून देतो. विक्री तिथेच होणार, मग वाटेत मिळणार काय?

उसळी मुळात का येते? चढत्या बाजारात दोन-तीन दिवसांची सलग विक्री बऱ्याचदा कंपन्यांच्या कमाईबद्दल काही सांगत नसते. कुणाला पैसे हवे असतात, कुणी फंड वजन कमी करतो, कुणी फ्युचर विकून हेज घेतो. त्यांना घाई असते आणि समोर घेणारा थोडा स्वस्तच घेतो. तुम्हाला जे मिळतं ते त्या घाईचं मोल. निर्देशांकात पन्नास कंपन्या असल्यामुळे एका कंपनीची खरी वाईट बातमी सगळ्याला खाली ओढून कायमची ठेवू शकत नाही. एका शेअरमध्ये हीच पद्धत वापरली तर लेखापरीक्षकाने राजीनामा दिल्याच्या दिवशीही आरएसआय २ खरेदीच सांगेल. म्हणून शेअरवर नको, निर्देशांकावरच.

पण हे मोल कायमचं लिहून दिलेलं नाही. अमेरिकेच्या एस अँड पी ५०० मध्ये काही दशकांपूर्वी उलटी सवय होती: पडल्या दिवसानंतर पुढचा दिवसही पडण्याकडे कल असायचा, आणि तेव्हा ही पद्धत तोट्यात गेली असती. रोजची हालचाल उलटण्याची सवय नंतरच्या काळात आली. निफ्टीतही ती कधी घट्ट असते, कधी सैल. तेव्हा संपूर्ण वीस वर्षांची एक सरासरी काढून खूश होऊ नका, तीन-तीन वर्षांचे तुकडे पाडून बघा.

बॅकटेस्टमध्ये तुलना कशाशी करायची यातही गफलत होते. निफ्टी २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असताना कुठल्याही दिवशी घेतलं तरी पुढचे पाच दिवस सरासरीने थोडे वाढीचेच असतात. सत्तर टक्के सौदे फायद्यात, हे ऐकायला छान, पण त्यातला बराच भाग त्या वाऱ्याचा. खरी तुलना अशी: सरासरीच्या वरचे सगळे दिवस एका बाजूला, त्यातले आरएसआय २ दहाच्या खालचे दुसऱ्या बाजूला, आणि दोघांच्या पुढच्या एक ते पाच दिवसांच्या परताव्यातला फरक. तो फरक खर्च वजा जाता उरला तरच आरएसआयने काही काम केलं. आणि ही पद्धत वर्षातले थोडेच दिवस बाजारात असते, त्यामुळे तेजीच्या वर्षात निफ्टी नुसता धरून ठेवणाऱ्याच्या मागे पडेल. उरलेले दिवस पैसे लिक्विड फंडात असतील हे धरून हिशोब करा. ईटीएफच्या नफ्यावर अल्पमुदतीचा २० टक्के करही त्यातच वजा करा.

ट्रेडिंगव्ह्यूवर तपासायचं असेल तर एवढं पुरे:

```
//@version=5
indicator("RSI2")
r = ta.rsi(close, 2)
buy = close > ta.sma(close, 200) and r < 10
sell = close > ta.sma(close, 5)
plot(r)
bgcolor(buy ? color.new(color.green, 80) : na)
plotchar(sell, "sell", "x", location.top)
```

`ta.rsi` वाइल्डरच्याच पद्धतीने सरासरी काढतं. काही सॉफ्टवेअर दोन दिवसांची साधी सरासरी घेतात. तिथे लागोपाठ दोन घटी झाल्या की आकडा थेट शून्य होतो आणि सौद्यांची संख्या भलतीच वाढते. तुमचा आरएसआय २ वारंवार बरोब्बर शून्य किंवा शंभर दाखवत असेल तर समजा की हिशोब वेगळा आहे.

शेवटची अडचण रोजच्या वापरातली. सगळा नियम बंद भावावर आहे आणि निफ्टीचा अधिकृत बंद भाव शेवटच्या व्यवहारावर ठरत नाही. वर्षानुवर्षं तो त्यातल्या शेअरच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या भारित सरासरीवर ठरत आला. ३:२५ ला स्क्रीनवर दिसणारा निफ्टी आणि संध्याकाळी जाहीर झालेला बंद भाव यात वीस-तीस अंकांचा फरक सहज पडतो. आरएसआय २ इतका चपळ आहे की तेवढ्याने तो ९ चा ११ होतो. मी ३:२० ला जो भाव दिसतो त्यावर हिशोब करतो, आणि आरएसआय ८ च्या खाली असेल तरच त्या दिवशी घेतो. आठ ते बारा असला तर संध्याकाळचा अधिकृत आकडा बघतो आणि दहाच्या खाली असेल तर दुसऱ्या दिवशी ९:१५ नंतर घेतो. सकाळी बाजार वर उघडला की त्या सौद्यातली निम्मी कमाई आधीच गेलेली असते. मग भाव ५ दिवसांच्या सरासरीच्या अर्धा टक्का खाली उरला आहे का ते बघायचं, नसेल तर सौदा सोडायचा.